‘तुम्हाला कधी वेळ आहे?’ला उत्तर का येत नाही

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला न्यू जर्सीतल्या, तिच्याच कॉलेजमधून शिकून गेलेल्या एका इंजिनिअरशी बोलायचं आहे. ती लिहिते, ‘सर, तुम्हाला कधी वेळ असेल?’ सर मेसेज वाचतात, ‘बघून कळवू’ असं मनाशी म्हणतात आणि ते राहूनच जातं.

सर तिला टाळत नसतात. पण त्या नम्र प्रश्नामुळे सगळी जुळवाजुळव त्यांच्यावर येऊन पडते. बोलणं किती वेळ चालेल, तेव्हा भारतात किती वाजले असतील, या आठवड्यात जमवायचं की पुढच्या, हे सगळं त्यांनीच ठरवायचं. एवढं काम निवांत वेळेवर ढकललं जातं.

आता हाच मेसेज असा लिहून पाहा:

‘सर, २० मिनिटं फोनवर बोलायचं होतं. गुरुवार २९ ऑक्टोबर, तुमचे सकाळी ९.३० (आमचे संध्याकाळी ७). शनिवार ३१, तुमचे सकाळी ११ (आमचे रात्री ८.३०). सोमवार २ नोव्हेंबर, तुमचे रात्री ८ (आमचे मंगळवारी सकाळी ६.३०). यातलं काही जमत नसेल, तर तुमच्या सोयीची वेळ सांगा.’

आता सरांना अख्खा आठवडा चाळावा लागत नाही. तीन जागा रिकाम्या आहेत का, एवढंच पाहायचं. ‘शनिवार चालेल’ हे उत्तर लिफ्टची वाट पाहतानाही देता येतं.

तीनच वेळा का? समजा, कुठलीही एक वेळ जमण्याची शक्यता निम्मी आहे. मग दोनपैकी एक तरी जमण्याची शक्यता ७५ टक्के होते आणि तीनपैकी एक जमण्याची ८७ टक्क्यांच्या वर जाते. चौथ्या वेळेने त्यात जेमतेम सहा टक्क्यांची भर पडते, वाचणं मात्र वाढतं. शिवाय सुचवलेली प्रत्येक वेळ उत्तर येईपर्यंत आपल्यालाही मोकळी ठेवावी लागते. एकच वेळ दिली, तर ती हुकूम सोडल्यासारखी वाटते.

हा हिशेब वेळा एकमेकींपासून सुट्या असतील तरच खरा ठरतो. गुरुवारचे ९, १० आणि ११ सुचवले आणि सर गुरुवारी प्रवासात असले, तर तिन्ही एकदम बाद. म्हणून वरच्या मेसेजमध्ये दिवसही वेगळे आहेत आणि प्रहरही.

परदेशाशी बोलताना घड्याळाची चूक हमखास होते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. त्यामुळे न्यू जर्सीशी आपलं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं. मेसेजमधली तिसरी वेळ या बदलानंतरची आहे, म्हणून दोन्हीकडचे वार आणि वाजलेले आकडे लिहायलाच हवेत.

तिन्ही वेळा हुकल्या तरी बहुधा ‘या आठवड्यात नाही, पुढे कुठल्याही सकाळी चालेल’ असं काहीतरी येतं. मग पुढच्या तीन वेळा त्या सकाळींमधूनच द्यायच्या. सात-आठ जणांची बैठक असेल, तर मात्र ही युक्ती अपुरी पडते. तिथे ग्रुपवर पोल टाकावा.