नोटिशीचे तीस दिवस

‘मॅडम, एवढं जरा बघून द्या ना, पाच मिनिटांचं काम आहे.’ घरून भाषांतर, डिझाइन किंवा लेखनाची कामं करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर हा मेसेज असतो. एकदा बघून दिलं की पुढच्या आठवड्यात तेच काम गृहीत धरलं जातं. काही महिन्यांनी ठरलेल्या कामाभोवती न ठरलेल्या कामाचा ढीग साचतो आणि बिल मात्र जुन्याच रकमेचं जातं. अशा क्लायंटचं काम सोडायचं म्हटलं तर बहुतेकांना भीती असते ती भांडणाची. मला विचाराल तर खरी अडचण वेगळीच असते. सोडतो असं सांगितल्यावर जे दिवस उरतात, त्या दिवसांत सगळ्यात जास्त फुकटचं काम पदरात पडतं. ‘आता जाताच आहात तर शेवटचं तेवढं करून द्या’ या वाक्याला नाही म्हणणं फार जड जातं. काम थांबवण्याचं पत्र लिहायचं ते मुख्यतः या दिवसांना कुंपण घालण्यासाठी.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातली एक भाषांतरकार एका प्रशिक्षण कंपनीचं साहित्य इंग्रजीतून मराठीत आणते. मार्चमध्ये मेलवर ठरलं ते असं : महिन्याला साधारण 10,000 शब्द, शब्दाला 2 रुपये, म्हणजे 20,000 रुपये. करारपत्र नाही. या कामाला तिचे महिन्याला 40 तास जातात, म्हणजे तासाला 500 रुपये पडतात. जूनपासून कंपनी भाषांतर झाल्यावर मूळ मजकूर बदलून पाठवू लागली, ‘बदललेलं तेवढं मराठीत करून द्या’ म्हणून. मग पानं लावलेल्या पीडीएफ तपासायला येऊ लागल्या, कारण मजकूर एका फाँटमधून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं तुटत होती आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसत होते. ही चूक तिची नव्हती, पण कंपनीत मराठी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. आता महिन्याला 62 तास जातात आणि 20,000 रुपयेच मिळतात. तासाचे 500 होते ते सव्वातीनशेच्या आत आले.

पत्राआधी तिला एक वाटणी करावी लागेल. स्वतःच्या भाषांतरातल्या चुका दुरुस्त करणं हे वाढीव काम नव्हे, ते ठरलेल्या दरातच येतं. मूळ मजकूर बदलल्यामुळे पुन्हा करावं लागलेलं भाषांतर आणि दुसऱ्याने लावलेली पानं तपासणं ही वाढीव कामं. ती काढायची सोपी जागा म्हणजे पाठवलेल्या फायलींच्या तारखा. 4 तारखेला दिलेल्या मजकुराचा मूळ मसुदाच 9 तारखेला बदलून आला असेल, तर वाद घालायला फारसं काही उरत नाही.

दुसरी वाटणी जरा कडू आहे. वाढीव कामापैकी मागता येण्याजोगं किती? आपल्या नायिकेने जून ते ऑगस्ट हसतमुखाने सगळं करून दिलं. 8 सप्टेंबरला मात्र तिने मेल केला की, यापुढे बदललेल्या मजकुराला शब्दाला 2 रुपये आणि पीडीएफ तपासणीला तासाला 500 रुपये लागतील. कंपनीने उत्तर दिलं नाही, पण काम पाठवत राहिली. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 70 सांगतं की, फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला देणं भाग आहे. ‘फुकट करण्याचा हेतू नसताना’ हे शब्द इथे कळीचे. सप्टेंबरनंतरच्या कामाला त्या मेलचा आधार आहे. त्याआधीच्या तीन महिन्यांचे पैसे मागितले तर कंपनी म्हणेल, तेव्हा तर तुम्ही आनंदाने देत होतात. कमजोर मागणी भक्कम मागणीच्या शेजारी ठेवली की दोन्ही लुळ्या पडतात. म्हणून तिने जून-ऑगस्टवर पाणी सोडावं असं माझं मत आहे. वकील कदाचित वेगळं सांगेल.

8 सप्टेंबरनंतरचा हिशेब असा : बदललेल्या मजकुराचे 3,200 शब्द, म्हणजे 6,400 रुपये. पीडीएफ तपासणी 6 तास, म्हणजे 3,000. एकूण 9,400. ऑक्टोबरच्या नेहमीच्या बिलाचे 20,000 अजून यायचे आहेत. हातात घेतलेली दोन प्रकरणं बाकी आहेत, मिळून 6,200 शब्द.

आता मुदत किती द्यायची? करारात किंवा मेलमध्ये पूर्वसूचनेचं कलम असेल तर तेच पाळायचं, मग ते कितीही गैरसोयीचं असो. नसेल तर वाजवी मुदत द्यायची. दर महिन्याला बिल होणाऱ्या कामाला साधारण महिनाभराची सूचना शोभते, कारण समोरच्याला दुसरा माणूस शोधून त्याला काम समजावून द्यायला तेवढे दिवस लागतात. एकाच ठरावीक कामाचा मामला असेल तर हिशेब वेगळा असतो. मध्येच हात वर केले आणि आगाऊ रक्कम घेतलेली असेल, तर न केलेल्या कामापुरती ती परत करायची तयारी हवी.

पत्र साधारण असं :

‘विषय : मराठी भाषांतराचे काम थांबवण्याबाबत

महोदय,

आपल्या प्रशिक्षण साहित्याच्या मराठी भाषांतराचे काम मी 3 डिसेंबर रोजी थांबवत आहे. आज 3 नोव्हेंबर, म्हणजे ही 30 दिवसांची पूर्वसूचना आहे. मार्चमध्ये ठरलेल्या कामात नंतर बरीच भर पडली, ती ठरलेल्या मोबदल्यात करणे मला शक्य नाही.

स्वीकारलेल्या दोन प्रकरणांपैकी पहिले 14 नोव्हेंबरला पाठवीन. दुसरे 24 नोव्हेंबरला, खालील थकबाकी जमा झालेली असल्यास, पाठवीन. दोन्हींचे मिळून 12,400 रुपये होतील व त्याचे बिल फायलींसोबत देईन. माझ्या भाषांतरातील चुका 3 डिसेंबरपर्यंत विनाशुल्क दुरुस्त करीन. याखेरीज कोणतेही काम या काळात करायचे झाल्यास त्याचे शब्द, दर व तारीख आधी मेलवर नक्की व्हावी आणि निम्मी रक्कम आगाऊ मिळावी.

ऑक्टोबरच्या बिलाचे 20,000 रुपये आणि 8 सप्टेंबरच्या मेलमध्ये कळवलेल्या दरांनुसार वाढीव कामाचे 9,400 रुपये, एकूण 29,400 रुपये येणे आहे. तपशील सोबत जोडला आहे. ही रक्कम, लागू असल्यास टीडीएस वजा करून, 18 नोव्हेंबरपर्यंत जमा करावी.

परिभाषेची यादी आणि आजवरच्या अंतिम फायली 3 डिसेंबरपूर्वी आपल्या स्वाधीन करीन. पूर्ण पैसे मिळाल्यावर भाषांतराचे हक्क आपल्या नावे लेखी करून देईन.

कळावे.’

या पत्रात कारणाला एकच वाक्य दिलं आहे, आणि ते तसंच ठेवावं. आपल्याकडे अशा वेळी ‘घरच्या अडचणींमुळे’ लिहायची फार सवय आहे. त्याने कुणी दुखावत नाही, पण समोरून प्रेमाने उत्तर येतं, ‘काही हरकत नाही, आम्ही थांबू,’ आणि मग नवी सबब शोधायची पाळी येते. उलट टोकाला जाऊन गेल्या सहा महिन्यांचा पाढा वाचला तर क्लायंट त्यातला एखादा तपशील पकडून बसतो. मग पैशांचा विषय मागे पडतो आणि त्या तपशिलावरच मेलामेली सुरू होते.

दुसरं प्रकरण थकबाकीशी बांधलं आहे, ते मुद्दाम. पैसे थकले म्हणून नंतर अचानक फाइल अडवून धरली तर दोष आपल्याकडे येतो. अट आधीच लेखी कळवलेली असेल तर आपली बाजू बरीच सावरते. मात्र क्लायंटच्या मालकीच्या गोष्टी, म्हणजे त्याच्या खात्यांचे पासवर्ड, मूळ साहित्य, पैसे मिळालेल्या कामाच्या फायली, यांना ओलीस धरू नये. तिथे हक्काचा माणूसही गोत्यात येतो.

हक्कांचं शेवटचं वाक्य अनेकांना पोकळ वाटतं, पण ते तसं नाही. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार नोकरीत नसलेल्या भाषांतरकाराच्या भाषांतराचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो स्वतः असतो, आणि ते हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मूळ मजकूर कंपनीचा असल्याने ती ते भाषांतर दुसरीकडे विकू शकत नाही हे खरं. पण उद्या पुस्तिका छापताना कंपनीलाही तो कागद लागेल. धमकीचा सूर न लावता ही गोष्ट आठवणीत ठेवून दिलेली बरी.

पत्र गेल्यावर बहुधा फोन येतो. ‘अहो मॅडम, एवढं काय मनावर घेता? दर वाढवून देतो की!’ दर खरंच वाढत असेल आणि कामाची यादी लेखी मिळत असेल तर विचार करायला काहीच हरकत नाही, मात्र जुनी थकबाकी आधी. फोनवर काहीही ठरलं तरी त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल करावा, ‘आज आपलं असं बोलणं झालं’ म्हणून. 20 नोव्हेंबरच्या सुमारास ‘शेवटची एक पीडीएफ’ येईल. तिचं उत्तर तयार असावं : ‘पत्रात लिहिल्याप्रमाणे याचे साधारण दोन तास, 1,000 रुपये होतील. 500 जमा झाले की सुरू करते.’ यानंतर पुष्कळदा ती पीडीएफ आपोआप कुणीतरी तपासतं.

18 तारीख उलटूनही पैसे आले नाहीत तर? तिने काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी केलेली असेल, तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा तिच्या मदतीला येतो. ही नोंदणी मोफत होते आणि एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. कंपनीच्या हिशेबनिसाला याहून जास्त झोंबते ती आयकरातली तरतूद : नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकवलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. म्हणून स्मरणपत्रात उद्यम क्रमांक लिहून ते लेखा विभागालाही पाठवावं. मार्चअखेर जवळ आली असेल तर त्याचा परिणाम लवकर दिसतो.

तेही फसलं तर सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. परिषद आधी समेट घडवून पाहते, न झाल्यास प्रकरण लवादाकडे जातं. कायद्यात 90 दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. उद्यम नोंदणी नसेल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग उरतो. त्याला सर्वसाधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि पैसे देण्याची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. 29,400 रुपयांसाठी तो खटाटोप परवडतो का, याचा हिशेब जिचा तिने करायचा. मेल, फायलींच्या तारखा आणि व्हॉट्सअॅपवरचं संभाषण तेवढं आजच उतरवून ठेवावं, कारण कंपनीतला ‘जरा बघून द्या’ म्हणणारा माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा नंबरही बदलतो.