वेतनातील छुपी विषमता आणि कंपा-रेशो

‘समान कामासाठी समान वेतन’ हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून नमूद आहे. समान वेतन अधिनियम, १९७६ ने त्याला कायद्याचे रूप दिले. त्या अधिनियमाची जागा घेणारी वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगाच्या आधारे वेतनात भेदभाव करण्यास ही संहिता मनाई करते. मात्र मध्यम आकाराच्या खासगी कंपनीत अशी विषमता बहुधा कोणी जाणूनबुजून निर्माण केलेली नसते. नेमणुकीच्या वेळचे लहान लहान निर्णय साठत जाऊन ती तयार होते आणि सरासरीच्या आकड्यामागे दडून राहते. ती उघड करण्याचे एक साधे साधन म्हणजे वेतनबँड व त्यावर आधारित ‘कंपा-रेशो’ हे तौलनिक गुणोत्तर होय.

संकल्पना

कंपनी समान जबाबदारीची पदे एका श्रेणीत घालते आणि त्या श्रेणीसाठी किमान, मध्य व कमाल वेतन ठरवते. ही मर्यादा म्हणजे वेतनबँड. त्याचा मध्यबिंदू सामान्यतः पूर्ण कार्यक्षम कर्मचाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या वेतनाच्या आसपास ठेवला जातो. कर्मचाऱ्याच्या वेतनाला मध्यबिंदूने भागले की कंपा-रेशो मिळतो. तो १.०० असल्यास वेतन मध्यबिंदूइतके आहे, ०.८० असल्यास ते मध्यबिंदूपेक्षा २० टक्क्यांनी कमी आहे.

येथे शासकीय वेतनरचनेशी गल्लत होऊ नये. सहाव्या केंद्रीय वेतन आयोगाने १ जानेवारी २००६ पासून वेतनबँड व ग्रेड वेतन आणले. सातव्या आयोगाच्या शिफारशींनुसार १ जानेवारी २०१६ पासून त्यांच्या जागी वेतन मॅट्रिक्स आले. शासकीय सेवेत वार्षिक वेतनवाढीचा टप्पा निश्चित असतो. खासगी कंपनीत बँड केवळ सीमा आखतो. त्या सीमेत कोण कोठे उभा राहील हे वाटाघाटीवर, आधीच्या नोकरीतील वेतनावर आणि वरिष्ठांच्या निर्णयावर ठरते. विषमतेला वाव मिळतो तो येथेच.

एक उदाहरण

सुमारे ४०० कर्मचारी असलेली पंप उत्पादक कंपनी कल्पनेसाठी घेऊ. तिच्यातील अभिकल्प अभियंत्यांच्या बँडचे किमान वार्षिक वेतन ६ लाख, मध्यबिंदू ७.५ लाख आणि कमाल ९ लाख रुपये आहे. या श्रेणीत १२ अभियंते आहेत. त्यांचा सरासरी कंपा-रेशो ०.९७ येतो. एवढ्यावर थांबल्यास सारे आलबेल वाटते. परंतु ८ पुरुषांची सरासरी १.०१ आणि ४ महिलांची ०.८९ आहे.

यावर नेहमी येणारे उत्तर असे की, महिलांचा अनुभव कमी असेल. म्हणून पुढची पायरी सारख्या अनुभवाच्या व्यक्तींची तुलना करण्याची. श्रेणीत तीन वर्षांपेक्षा कमी काळ असलेल्या तीन पुरुषांचे रेशो ०.९४, ०.९६ व ०.९८ आहेत, तेवढ्याच काळातील दोन महिलांचे ०.८५ व ०.८७. तीन वर्षांहून अधिक काळ असलेले पाच पुरुष १.०० ते १.०८ या दरम्यान आहेत. दोन महिलांपैकी एकीचा रेशो १.०१, तर दुसरीचा ०.८३ आहे. म्हणजे अनुभव लक्षात घेऊनही तफावत उरते.

इतक्या लहान गटात सरासरीवरून भेदभाव सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. सेवाज्येष्ठ महिलांच्या सरासरीतील तूट वस्तुतः एकाच व्यक्तीमुळे आहे. त्यामुळे प्रत्येक कमी रेशोची नस्ती उघडून कारण पाहणे आवश्यक ठरते. येथे ०.९० खालील तिन्ही नेमणुकांमध्ये आधीच्या वेतनावर ठरावीक टक्के वाढ देऊन प्रारंभिक वेतन ठरवले होते, असे आढळले. संगोपनासाठी काही काळ नोकरी सोडलेल्या किंवा लहान कंपनीतून आलेल्या व्यक्तीचे आधीचे वेतनच कमी असते. ही पद्धत त्या कमतरतेला नव्या कंपनीत कायम करते.

नोकरी सोडण्याचा धोका

समजा, ०.८३ रेशो असलेल्या अभियंत्याला सलग दोन वर्षे कामगिरीचे सर्वोच्च मूल्यांकन मिळाले आहे. तिचे वेतन ६,२२,५०० रुपये आहे. मध्यबिंदू तिच्या वेतनापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक आहे. दुसऱ्या कंपनीने केवळ बाजारभाव देऊ केला तरी तिला मोठी वाढ मिळते. शिवाय श्रेणीतील सर्वांत कमी वेतनाचा नवा पुरुष सहकारीदेखील तिच्याहून वर आहे. उत्तम कामगिरी, बँडमधील दीर्घ सेवा आणि ०.९० खालील रेशो या तीन गोष्टी एकत्र आल्या, की ती नोंद धोक्याच्या यादीत प्रथम असावी. नुकत्याच नेमलेल्या, काम शिकत असलेल्या व्यक्तीचा ०.८५ हा रेशो मात्र तेवढा चिंताजनक नसतो.

दुरुस्ती

सर्वांना सरसकट ८ टक्के वाढ दिल्यास प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. ०.८३ व १.०८ रेशो असलेल्या दोघांतील अंतर १,८७,५०० रुपयांवरून २,०२,५०० रुपयांवर जाते. त्याऐवजी सेवाज्येष्ठ महिलेला १.०० वर आणि दोन नव्या महिलांना ०.९५ वर आणल्यास वर्षाला २,६२,५०० रुपये लागतात. या गटाच्या ८७.३० लाख रुपयांच्या वेतनखर्चाच्या तुलनेत ही रक्कम सुमारे ३ टक्के आहे. वरच्यांचे वेतन घटवून समानता साधण्याचा मार्ग संहितेने बंद केला आहे; भेदभाव दूर करण्याच्या नावाखाली मालकाला कोणाचेही वेतन कमी करता येत नाही.

मर्यादा

कंपा-रेशोचा सारा भार मध्यबिंदूवर असतो. वरील बँड दोन वर्षांपूर्वी ठरवला असून बाजारातील वेतन दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढले असेल, तर खरा मध्यबिंदू सुमारे ८.७५ लाख होतो. अशा वेळी कागदावर १.०० असलेली व्यक्ती प्रत्यक्षात ०.८६ वर असते आणि जवळजवळ सगळा गट नोकरी सोडण्याच्या उंबरठ्यावर असू शकतो. मात्र एकाच बँडमधील व्यक्तींची आपसातील तुलना यामुळे बदलत नाही. म्हणून जुना बँड विषमता दाखवू शकतो, पण गळतीच्या धोक्याबाबत दिशाभूल करतो.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. समान स्वरूपाचे काम करणाऱ्या महिलेला मुळातच खालच्या श्रेणीत घातले असेल, तर तेथे तिचा रेशो १.०० दिसेल आणि अन्याय नोंदीतच येणार नाही. संहितेच्या व्याख्येत कामाचे साम्य पदनामावर नव्हे, तर कौशल्य, श्रम, अनुभव व जबाबदारी यांवर ठरते. त्यामुळे रेशो मोजण्यापूर्वी श्रेणीनिश्चिती तपासणे क्रमप्राप्त ठरते. विषमतेसाठी व्यक्तीची व्यक्तीशी आणि गळतीसाठी वेतनाची बाजाराशी तुलना करावी लागते. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकट्या सरासरीतून मिळत नाही.