विश्लेषण : ज्ञानकोशातील लेखाला कोणता फोटो? सुंदर की ओळख पटवणारा?

घरात साप निघाला की अनेक जण मोबाइलवर त्याचा फोटो शोधतात. विकिपीडियावरील ‘मण्यार’सारख्या लेखात सर्वात वर कोणता फोटो असावा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. मण्यार अतिविषारी आहे. त्याच्यासारखाच दिसणारा कवड्या मात्र बिनविषारी. लेखातील पहिल्या फोटोतून या दोघांतला फरक कळायला हवा.

फरक नेमका कुठे?

मण्यारचा रंग चकचकीत काळा असतो. त्यावरचे पांढरे पट्टे मानेकडे पुसट किंवा नसल्यासारखे असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्या तपकिरी असतो आणि त्याचे पट्टे नेमके उलटे, म्हणजे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरळ. शिवाय मण्यारच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ असते. कवड्याला ती नसते.

आता समजा, तीन फोटो हाताशी आहेत. पहिल्यात जीभ बाहेर काढलेला मण्यार, फक्त डोके, मागे गडद काळोख. लाइक्स यालाच मिळतील. पण पट्टेच दिसत नाहीत, त्यामुळे ओळखीसाठी त्याचा उपयोग नाही. दुसऱ्यात सर्पमित्राने आकड्यावर उचललेला साप. नजर आधी माणसाकडे जाते आणि लोंबकळल्यामुळे सापाची नैसर्गिक ठेवणही बिघडते. तिसऱ्यात साप फिकट मातीवर, मानेपासून शेपटीपर्यंत पूर्ण दिसतो आणि फोटो किंचित वरून घेतलेला आहे. निवड याचीच व्हावी.

साधी पार्श्वभूमी म्हणजे स्टुडिओतला पांढरा कागद नव्हे. विषयाची कडा वेगळी दिसली पाहिजे, एवढेच. काळा साप पालापाचोळ्यात हरवतो, फिकट मातीवर उठून दिसतो.

स्पष्टता कशी तपासायची?

मूळ फाइल मोठी असली, तरी वाचक आधी छोटी प्रतिमाच पाहतो. म्हणून फोटो फोनवर अंगठ्याएवढा करून पाहावा. तेवढ्यातही पट्टे मोजता आले, तर तो चालेल. मण्यार निशाचर असल्याने त्याचे बरेच फोटो फ्लॅशवर काढलेले असतात. चकचकीत खवल्यांवर फ्लॅशचे पांढरे ठिपके उमटतात आणि छोट्या आकारात तेच पट्टे वाटू शकतात. असा फोटो धारदार असला तरी बाजूला ठेवावा.

‘नेहमीचे रूप’ ही अट मात्र अडचणीची आहे. पिल्लांत पट्टे ठळक दिसतात, तर काही प्रौढ मण्यारांत ते फारच पुसट असतात. वरचा फोटो प्रौढ सापाचा द्यावा, पिल्लू आणि पुसट पट्ट्यांचा साप लेखात खाली दाखवावा. फोटोओळीत वय आणि ठिकाण लिहावे.

अर्थात, दंश झाल्यावर फोटो जुळवत बसू नये. मण्यारच्या दंशाला अनेकदा सूज किंवा फारशी वेदना नसते. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी एकच आहे.