मासळी, दूध आणि कोड

वलीम्याच्या दस्तरखानावर मासळी आणि खीर एकत्र आली, की कोणी तरी वडीलधारी बाई लगेच हात धरते: "मच्छीवर दूध नको गं, अंगावर पांढरे डाग उठतील." कोकणापासून मराठवाड्यापर्यंत हे वाक्य घराघरात ऐकू येते. सांगणाऱ्या दादी-नानींच्या मनात काळजीच असते. पण मासळीवर दूध प्याल्याने कोड येत नाही.

ही समजूत काही कोणी उगाच रचलेली नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मासळी आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे. शिवाय बांगडा, कुप्पा यांसारखी मासळी बर्फाशिवाय पडून राहिली, तर तिच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो शिजवूनही जात नाही. अशी मासळी खाल्ली, की काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर चट्टे उठतात, खाज सुटते. एखाद्याला दुधाची किंवा मासळीची ॲलर्जीही असू शकते. ज्यांनी असे चट्टे पाहिले, त्यांनी सावध राहायला सांगितले, यात नवल नाही. मात्र हे चट्टे लाल असतात आणि बहुधा दिवसभरात मावळतात. कोडाचे डाग पांढरे असतात, दुखत नाहीत आणि सहसा आपोआप जात नाहीत.

मग कोड येते कशाने? आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून त्यांनाच शत्रू समजून मारू लागते. जिथे त्या पेशी संपतात, तिथे त्वचा दुधासारखी पांढरी होते. या डागाचा रंग दुधासारखा, एवढाच त्याचा दुधाशी संबंध. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मासळी शिजलेली नाही, अशा शाकाहारी घरांतही कोड आढळते. उलट बंगालमध्ये दह्यातली मासळी आवडीने खातात आणि फिनलंडमध्ये दुधात शिजवलेले माशांचे सूप रोजच्या जेवणात असते.

या समजुतीची किंमत कशी मोजावी लागते, ते एका नेहमीच्या उदाहरणावरून पाहू. समजा, नऊ वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यावर पांढरा डाग दिसला. घरात पहिला प्रश्न येतो, "काय खायला दिलं होतंस?" आणि तो तिच्या अम्मीलाच विचारला जातो. मग मुलीची मासळी बंद, दूधही बंद. वाढत्या वयात दोन्ही चांगले आहार गेले आणि डाग तसाच राहिला. पुढे कोणी बावचीचे तेल लावून उन्हात बसायला सांगते. त्याने त्वचा भाजते, फोड येतात, आणि कोडात जखमेच्या जागी नवा डाग उमटू शकतो. या सगळ्यात सहा-आठ महिने जातात. डाग नवा असतानाच उपचार सुरू झाले तर गुण येण्याची शक्यता जास्त असते, आणि नेमका तोच काळ हातून निसटतो.

म्हणून डाग दिसताच त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. मुलांच्या गालावरचे फिकट, पुसट कडांचे, थोडे कोंडा धरलेले डाग बहुधा आपोआप जातात. ज्या डागावर स्पर्श कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग बरा होतो. कोडाच्या डागाची कड स्पष्ट असते आणि स्पर्श नीट कळतो.

कोडावर मलमे आहेत, तसेच दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा द्यायचा विशिष्ट अतिनील किरणांचा उपचारही आहे. गुण येऊ लागला, की पांढऱ्या डागात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके दिसतात. चेहऱ्यावर रंग लवकर परततो. बोटांची टोके आणि ओठ यांवर तो क्वचितच परततो. उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि पूर्ण रंग येईलच, असे वचन कोणी डॉक्टर देऊ शकत नाही. काहींना थायरॉइडचाही त्रास असतो, म्हणून ती तपासणी करून घेतात.

कोड स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका वस्त्राने पसरत नाही. घराण्यात कोणाला असले तर मुलांना येण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक मुलांना येत नाही. निकाहाची बोलणी डागावरून मोडण्याआधी एवढे जरूर लक्षात घ्यावे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये. "दादी, मासळी ताजी असावी हे तुमचं म्हणणं खरंच आहे; डागाचं मात्र डॉक्टरांना दाखवू या," एवढे म्हटले तरी पुरते. ज्यांना दोन्ही एकत्र नको वाटते, त्यांनी खुशाल टाळावे. फक्त ज्या मुलीच्या अंगावर डाग आहे, तिच्या अम्मीला "काय खायला दिलं होतंस?" असे कोणी विचारू नये.