शिडी घसरेल की टिकेल?

एफ.ई.ला मेकॅनिक्स शिकलेल्या प्रत्येकाने भिंतीला टेकवलेली शिडी वहीत काढलेली असते. गॅदरिंगचा बॅनर लावायला तीच शिडी हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये उभी राहते, तेव्हा मात्र कोणी गणित करत नाही. एकजण चढतो, बाकीचे खाली उभे राहून "जा रे, काही होत नाही" म्हणतात. खरंच काही होत नाही का, ते बघू या.

आपली शिडी ५ मीटर लांब आहे. पाया भिंतीपासून ३ मीटर लांब, म्हणजे वरचं टोक ४ मीटर उंचीवर. शिडीचं वजन २० किलो, चढणारा ६० किलोचा. घर्षणाचा गुणांक जमिनीवर ०.४ आणि भिंतीवर ०.३ धरू. बळंही सोयीसाठी किलोतच मोजू.

पहिली अडचण अशी की अज्ञात राशी चार आहेत: जमिनीची उभी रिअॅक्शन N, भिंतीची आडवी रिअॅक्शन R, आणि दोन्ही टोकांची दोन घर्षणं. समतोलाची समीकरणं मात्र तीनच. म्हणून टिकून उभ्या असलेल्या शिडीत प्रत्यक्ष घर्षण किती, हे या समीकरणांवरून सांगताच येत नाही. बरेच जण इथे दोन्हीकडे "घर्षण = गुणांक × रिअॅक्शन" असं लिहून मोकळे होतात. पण हे फक्त घसरण्याच्या क्षणी खरं असतं. एरवी घर्षण गरजेपुरतंच असतं, तो गुणाकार ही त्याची कमाल मर्यादा.

मग निर्णय कसा करायचा? शिडी ताठ आहे, त्यामुळे पाया बाहेर सरकला की वरचं टोक खाली यायलाच हवं. एक टोक एकटं घसरू शकत नाही. म्हणून घसरण्याच्या क्षणी दोन्ही घर्षणं एकदम कमाल मर्यादेला असतात. त्या अवस्थेत शिडी किती मोमेंट पेलेल ते काढायचं, आणि वजनांच्या मोमेंटशी ताडून बघायचं.

आडव्या दिशेत R = ०.४ N. उभ्या दिशेत N + ०.३ R = ८०. यावरून N सुमारे ७१.४, R सुमारे २८.६ आणि भिंतीवरचं घर्षण ८.६ किलो. आता पायाभोवती मोमेंट घेऊ: २८.६ × ४ + ८.६ × ३, म्हणजे जवळपास १४०. एवढंच ही शिडी पेलू शकते. शिडीचं स्वतःचं वजन २० × १.५ = ३० घेऊन जातं. उरले ११०. त्याला ६० ने भागलं की १.८३ मीटर, हे चढणाऱ्याचं पायापासूनचं आडवं अंतर. शिडीवरून मोजलं तर सुमारे ३.०५ मीटर. म्हणजे पठ्ठ्या अर्ध्याच्या थोडा वर जातो आणि शिडी सटकते.

गंमत म्हणजे रिकामी शिडी मस्त उभी राहते (तिला ३० पेलायचे असतात आणि ती ३५ पेलू शकते). खालच्या पायऱ्यांवर माणूस आला की ती उलट जास्त पक्की होते. त्यामुळे "दोन पायऱ्या चढून बघितलं, हलत नाही" या टेस्टला काही अर्थ नाही.

भिंत पूर्ण गुळगुळीत धरली तर? R = ०.४ × ८० = ३२, मोमेंट १२८, आणि चढणारा २.७ मीटरपर्यंत जातो. म्हणजे भिंतीच्या घर्षणाने जेमतेम एक फूट मिळवून दिला. उलट जमीन पूर्ण गुळगुळीत असेल तर भिंत कितीही खरखरीत असो, शिडी घसरणारच, कारण R ला आडवं थोपवायला कोणीच नाही. म्हणून हिशेबात भिंतीचं घर्षण शून्य धरणं सुरक्षित, आणि लक्ष द्यायचं ते पायाकडे. फरशी ओली असेल तर ०.४ विसरा.

यावर उपाय दोन. एक, तेवढ्याच वजनाच्या मित्राला सर्वांत खालच्या पायरीवर उभं करा. एकूण वजन १४० होतं, पेलण्याची क्षमता २४५ होते, आणि मित्राचं स्वतःचं मोमेंट फारच थोडं. चढणारा वरच्या टोकापर्यंत जाऊ शकतो. नुसतं खाली उभं राहून "जा रे" म्हणण्यापेक्षा हे बरं!

दुसरा उपाय त्याहून सोपा. ४ मीटर उंचीला १ मीटर पाया, हा शिडीचा जुना नियम पाळा. आपल्या शिडीचा पाया भिंतीपासून १.२ मीटरवर आणला की टोक ४.८५ मीटरवर जातं. मग माणूस अगदी टोकाला असला आणि भिंत गुळगुळीत धरली, तरी जमिनीचा गुणांक ०.२२ पुरतो. पाया ३ मीटरवर असताना याच कामाला ०.६६ लागला असता.