काढलेली चकती उलटून बघा

दवाखान्यातून घरी येताना मावशीला सांगितलं होतं, पिशवीची चकती चार दिवसांनी बदला. पहिले तीन आठवडे ते जमलं. पाचव्या आठवड्यात मात्र चकती दुसऱ्याच दिवशी खालून सुटायला लागली. आधी खाज, मग आग. "गं, निखारा ठेवल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. घरात जे सुचलं ते आम्ही केलं. खोबरेल तेल लावलं, टाल्कम पावडर मारली, चारही बाजूंनी चिकटपट्ट्या लावल्या. त्याने चकती आणखी लवकर सुटू लागली.

मावशीच्या गुदाशयात कर्करोगाची गाठ होती. ती काढून आतडं पुन्हा जोडलं होतं. तो जोड भरून येईपर्यंत शौचाची वाट तात्पुरती वळवायची, म्हणून लहान आतड्याचा भाग पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर काढला होता. या तोंडाला स्टोमा म्हणतात. लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टॉमी, मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी. हा फरक महत्त्वाचा आहे. मोठ्या आतड्यातून बहुतेकदा बांधलेला मळ येतो. लहान आतड्यातून येते ती पेजेसारखी पातळ शौच, आणि तिच्यात अन्न पचवणारे रस अजून जिवंत असतात. ते रस त्वचेवर साचले तर तिलाही खातात. मावशीची आग त्याचीच होती.

ही अडचण जुनी आहे. एके काळी आतड्याचं टोक पोटाच्या पातळीलाच ठेवत, आणि रुग्णांची त्वचा सोलून निघे. बर्मिंगहॅमचे शल्यविशारद ब्रायन ब्रूक यांनी 1952 साली आतड्याचं टोक शर्टाची बाही दुमडावी तसं उलटवून शिवायची पद्धत मांडली. त्यामुळे स्टोमा दोन-अडीच सेंटीमीटर बाहेर डोकावतो आणि शौच नळाच्या तोटीतून पडावी तशी थेट पिशवीत पडते. पण तोटी आणि त्वचा यांच्यामधली फट बंद करण्याचं काम चकतीचं, आणि तिचं भोक आपल्या हातातल्या कात्रीने कापलेलं असतं.

आम्ही स्टोमा क्लिनिकमध्ये गेलो. सिस्टरनी चकती वरून खाली, एका हाताने त्वचा दाबून धरत, सावकाश सोडवली. मग ती फेकली नाही, उलटी करून उजेडात धरली. चिकट बाजू वर घट्ट आणि कोरडी होती. खाली, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथे, ती पांढरट होऊन विरघळली होती आणि भोकापासून कडेपर्यंत शौचेचा ओघळ गेला होता. मावशीच्या पोटावर नेमक्या त्याच जागी लाल, ओली त्वचा होती. "मावशी, चकती आपणहून सांगते गळती कुठे आहे ते," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी गोल भोकं पाडलेला मापाचा कागद स्टोमावर धरला. माप आलं 28 मिलिमीटर. घरी आम्ही भोक कापत होतो 38 मिलिमीटरचं, कारण दवाखान्यातून निघताना दिलेला नमुना तोच होता. तेव्हा स्टोमा 35 मिलिमीटरचा होता, म्हणजे माप अचूकच होतं. पण शस्त्रक्रियेनंतर आतड्याला सूज असते आणि ती सहा ते आठ आठवडे उतरत राहते. स्टोमा आक्रसला, नमुना तोच राहिला, आणि भोवती पाच मिलिमीटरचं उघड्या त्वचेचं कडं तयार झालं. दिवसरात्र शौच त्यावरच साचत होती.

भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. फार घट्ट असेल तर कड स्टोमाला घासते, सैल असेल तर त्वचा जळते. सिस्टरनी 31 मिलिमीटरचं भोक कापलं आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला माप घ्यायला सांगितलं.

ओल्या त्वचेवर त्यांनी स्टोमा पावडर भुरभुरवली आणि जादा पावडर हलकेच झटकली. ओलाव्याला जेवढी धरली तेवढीच ठेवायची, जास्त राहिली तर चकती धरत नाही. खालच्या बारीक घडीत पेस्ट भरली. पेस्ट हा डिंक नव्हे, खड्डा सपाट करणारी लांबी आहे.

घरचा क्रमही त्यांनी बदलला. चकती सकाळी, चहाच्या आधी बदलायची, कारण तेव्हा आतडं शांत असतं. धुवायला नुसतं कोमट पाणी. डेटॉल नको, तेल नको. पुसताना स्टोमाला थेंबभर रक्त दिसलं तर घाबरायचं नाही, त्याची त्वचा गालाच्या आतल्या बाजूसारखी नाजूक असते. भोवतालची त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर चकती खालून वर बसवायची आणि तळहात चार-पाच मिनिटं तिच्यावर ठेवायचा. उबेने ती नीट धरते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने चकती ओढली जाते.

मग त्यांनी जेवणाचं विचारलं, कारण शौच जितकी पातळ तितकी गळती जास्त. मावशी दिवसाला तीन लिटर साधं पाणी पीत होती. सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. लहान आतड्याच्या स्टोमातून मीठही वाहून जातं, आणि नुसतं पाणी प्यायलं तर ते आणखी मीठ घेऊन बाहेर पडतं. म्हणून तिला पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवलेलं ओआरएस घोट घोट प्यायला सांगितलं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. शौच घट्ट व्हायला मऊ भात, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा. घडी बसल्यावर दिवसाला साधारण 500 ते 800 मिलिलिटर शौच येते. दीड लिटरच्या वर गेली, लघवी कमी आणि गडद झाली, पायात गोळे आले तर त्याच दिवशी दवाखाना.

एकादशीचं मावशीने हळूच विचारलं. साबुदाणा चालेल, पण खीर करून. खिचडीतले शेंगदाणे आणि ओलं खोबरं सध्या नको. मक्याचं कणीस, फणस, शेवगाही नको. न चावलेला चोथा स्टोमाच्या तोंडाशी अडकतो. चार-सहा तास काहीच आलं नाही, पोटात कळा आल्या, उलटी झाली तर घरी थांबायचं नाही.

सगळीच खाज मापाची नसते. लाल चट्ट्याच्या कडेबाहेर सुटे सुटे बारीक ठिपके आणि भरपूर खाज, तर ती बुरशी. पावसाळ्यात घामाने ती वाढते आणि तिला वेगळी, डॉक्टरांनी दिलेली पावडर लागते. लाली हुबेहूब चकतीच्या आकाराची, कडेपर्यंत सारखी, तर चिकटद्रव्याचं वावडं असण्याचा संभव. मग दुसऱ्या जातीची चकती लावून बघायची. केसांच्या मुळाशी फोड आले तर वस्तऱ्याऐवजी ट्रिमर वापरायचा. आणि स्टोमाच लालऐवजी जांभळा किंवा काळा दिसला तर लगेच शल्यविशारद गाठायचा, कारण त्याचा रक्तपुरवठा अडलेला असू शकतो.

मावशीची त्वचा दहा दिवसांत कोरडी झाली आणि चकती पुन्हा चार दिवस टिकू लागली. आता ती काढलेली चकती आधी खिडकीशी नेते, उलटी धरते आणि मला हाक मारते, "बघ गं, सहाशी कोरडी आहे." मग कागदात गुंडाळून टाकते.