कस्टर्डमध्ये फाटतं ते दूध नव्हे

यवतमाळात कुणाकडे भाजलेलं कॅरमेल कस्टर्ड बिघडलं की निकाल ठरलेला असतो : ‘दूधच खराब होतं.’ परवा शेजारच्या काकूंनी तर दूधवाल्याला फैलावर घेतलं. अहो, तेच दूध सकाळी गॅसवर उतू जाईपर्यंत उकळलं होतं ना? तेव्हा फाटलं नाही. ताजं दूध नुसत्या उष्णतेनं फाटत नाही, त्याला आंबटपणा लागतो. कस्टर्डमध्ये गुठळ्या होतात त्या अंड्याच्या.

तापल्यावर अंड्यातल्या प्रथिनांचे धागे उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात दूध अडकून राहतं. हेच कस्टर्ड लागणं. हॅरॉल्ड मॅकगी या अन्नशास्त्रावरच्या लेखकानं दिलेला आकडा असा : एक कप दूध, एक अंडं आणि चमचाभर साखर हे मिश्रण 78 ते 80 अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतं. त्यापुढे थोड्याच अंशांवर जाळं आवळतं आणि ओल्या फडक्याला पीळ द्यावा तसं पाणी बाहेर पडतं. काकूंच्या कस्टर्डला कडेनं जाळी पडली होती आणि चमचा घातलेल्या खड्ड्यात फिकट पाणी साचत होतं. म्हणजे ते जास्त शिजलं होतं.

त्यांचं प्रमाणही चुकलं होतं. अर्धा लिटर दुधाला त्यांनी एकच अंडं घातलं. ते लागेना, म्हणून अजून वीस मिनिटं, मग अजून वीस. अर्ध्या लिटरला तीन अंडी घ्यावीत. पाच-सहा घातली तर लागतं खरं, पण रबरासारखं होतं.

‘पण मी पाण्यात ठेवलं होतं!’ ठेवलं होतं, आणि वरून फॉइलनं गच्च झाकलंही होतं. उघड्या ट्रेमधलं पाणी वाफ होत होत थंड होत राहतं, म्हणून 160 अंशांच्या ओव्हनमध्येही ते उकळीच्या बरंच खाली राहतं. सगळा ट्रे झाकला की वाफ कोंडते आणि पाणी उकळतं. झाकायचंच तर फक्त कस्टर्डची वाटी झाका. ट्रेमध्ये वाटीच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी ओता, मधला भाग जरासा थरथरत असतानाच वाटी बाहेर काढा. आतल्या उष्णतेनं उरलेलं लागतं. पाण्यातच राहू दिली तर शिजणं चालूच राहतं.

‘खरवस उकळत्या पाण्यावरच वाफवतो की!’ खरवसात अंडं नसतं, तो चिकातल्या प्रथिनांनी लागतो. ‘डब्यातली कस्टर्ड पावडर तर खुशाल उकळते.’ उकळणारच, तो मक्याचा स्टार्च आहे.

आणि कस्टर्ड उलटं केल्यावर खाली जमणारं तपकिरी पाणी पाहून घाबरू नका, तो विरघळलेला कॅरमेल आहे.